एका श्वासातलं वाक्य

फुलस्टॉपबाईंना मी अकरा वर्षं ओळखत होतो आणि त्या अकरा वर्षांत त्यांना समोरासमोर फक्त दोनदा पाहिलं. बाकी सगळी ओळख कानांची. माझं कामच तसं चहाडखोराचं आहे. इथे परदेशात आमची फोनवरून दुभाषे पुरवणारी एक छोटी कंपनी आहे. दवाखाना असो, शाळा असो, सरकारी कचेरी असो, समोरच्या माणसाची भाषा कळेनाशी झाली की ते आम्हाला फोन लावतात आणि आम्ही त्या भाषेचं माणूस लाइनवर आणून देतो. मराठीचे आम्ही सहाजण. पाच बोलणारे आणि सहावा मी, ऐकणारा. दोन्ही बाजूंना आधी सांगून मी मधूनच लाइनवर येतो, तोंडातून अवाक्षर काढत नाही आणि शेवटी दहापैकी गुण देतो. गुण देणाऱ्यावर कोणी जीव टाकत नाही. माझ्यावरही कोणी टाकलेला नाही आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

फुलस्टॉपबाई हे नाव आमच्यातल्याच एका टवाळाने ठेवलं होतं. बाकीचे चौघे एखाद्या अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगायला लागले की मारुतीचं शेपूट व्हायचं. पलीकडचा डॉक्टर घड्याळाकडे बघतोय हे मला फोनवरसुद्धा कळायचं. बाईंचं तसं नव्हतं. त्यांचा नियम एकच, वाक्य एका श्वासात मावलं पाहिजे. आणि माणूस सहज बोलला असेल तर वाक्यही सहजच हवं, त्याला कोट-टाय घालायचा नाही. एखादी बाई म्हणाली, “काही नाही हो, उगाच आले,” तर बाकीचे ‘उगाच’वर व्याख्यान देत. फुलस्टॉपबाई इथल्या भाषेत म्हणत, “खास कारण नाही, वाटलं म्हणून आले.” संपलं. पुढचा प्रश्न.

अशा शब्दांसाठी त्यांच्याकडे एक वही होती. शाळेच्या वहीसारखी, कडेला समास आखलेली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इथल्या भाषेतलं एक वाक्य. लाड, रुसवा, उष्टं, कौतुक, हट्ट. ज्यांना इथे जोडीचा शब्द सापडत नाही अशा दोनेकशे शब्दांचं त्यांनी वर्षानुवर्षं पालनपोषण केलं होतं. टाइमपास म्हणजे “असाच वेळ घालवतो”. जुगाड म्हणजे “हाताशी जे होतं त्यात भागवलं”. मला ती वाक्यं पाठ झाली होती. मी त्यांना दहापैकी दहा द्यायचो आणि इतरांना त्यांची उदाहरणं ऐकवून त्यांचे शिव्याशाप घ्यायचो.

दुसऱ्यांदा भेटलो ते त्यांच्या घरी. त्यांचा हेडफोन बिघडला होता आणि कंपनीचा नवा पोचवायचा होता. मी वाटेवरच राहतो, म्हणून मला धाडलं. दोन खोल्यांचं घर, चकचकीत, एकही वस्तू जागा सोडून नाही. आतल्या खोलीत टेबल भिंतीला न लावता एका उघड्या कपाटासमोर लावलं होतं आणि कपाटात पुरुषाचे कोट टांगलेले होते, पाच-सहा. मी बघतोय म्हटल्यावर त्यांनीच सांगितलं की मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, कापड समोर असलं की घुमत नाही. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. म्हणजे ही बाई रोज आठ तास नवऱ्याच्या कोटांकडे तोंड करून परक्यांची बोलणी बोलत बसायची. मला त्या क्षणी तिथून निघावंसं वाटलं आणि चहा घेऊन मी निघालोही.

चहा घेताना कळलं ते एवढंच की मुलगी दुसऱ्या शहरात आहे, रविवारी फोन करते. जावई इथला, नातू इथला, फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे बोलणं इथल्याच भाषेत होतं. मुलीचं मराठी आता जेवलीस का आणि झोप आता एवढ्यावर आलंय, असं त्या हसत म्हणाल्या. इमारतीत मराठी कोणी नाही. थोडक्यात त्यांना मराठी ऐकायला मिळायचं ते कामावर, आणि बोलायलाही कामावरच.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुभाषा “ते म्हणतात की त्यांचं पोट दुखतंय” असं बोलत नाही. तो म्हणतो, “माझं पोट दुखतंय.” बोलणाऱ्याचा ‘मी’ तोच दुभाष्याचा ‘मी’. स्वतःचं काही सांगायचं असेल तर आधी “दुभाषी बोलतेय” असं म्हणावं लागतं. आणि माणसाशी खासगी गप्पा अजिबात मारायच्या नाहीत. बोललंच काही तर ते दोन्ही बाजूंना कळलं पाहिजे, कोणाच्या माघारी कुजबुज नको. फुलस्टॉपबाई दिवसातून हजारदा ‘मी’ म्हणायच्या. मी तीन मुलांची आई आहे. मी गोळ्या वेळेवर घेतो. मी पाच महिने बेकार आहे. त्यातला एकही ‘मी’ त्यांचा नसायचा.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग ते टर्नर आजोबा आले.

एकोणऐंशी वर्षांचे, चाळीस वर्षं लेथ मशीनवर काढलेले, बायको गेलेली, घरात एकटे. रस्त्यावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर पाच-सहा आठवडे चालायला शिकवणाऱ्या वॉर्डात पडून होते. हाड जुळलं, काठी घेऊन चालायला लागले. आता प्रश्न एवढाच होता की त्यांना स्वतःच्या घरी पाठवायचं की वृद्धाश्रमात. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, त्याचं म्हणणं दवाखाना सांगेल ते करू. आजोबांना घरी जायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. दर फोनला त्यांचं पहिलं वाक्य तेच असायचं, “घरी कधी सोडताय तेवढं विचारा.”

हा निर्णय तिथली समाजसेविका आणि डॉक्टर मिळून घेणार होते. समाजसेविका चांगली होती. घाईत असायची, पण वाईट नव्हती. पहिल्या फोनला तिने प्रश्नांचा कागद पुढे घेतला आणि स्पीकरवर फुलस्टॉपबाईंना घेतलं. मीही लाइनवर होतो. घरी आंघोळ करताना आधाराला काय धरता, असं तिने विचारलं. आजोबा म्हणाले, “जुगाड केलाय.” बाईंनी क्षणाचाही वेळ न लावता वहीतलं वाक्य दिलं, हाताशी जे होतं त्यात भागवलं. दिवसभर काय करता? “काय करणार, टाइमपास.” बाई म्हणाल्या, असाच वेळ घालवतो. बरोबर आजोबांच्याच सुरात, तितकंच हलकं. मी दहापैकी दहा लिहिले आणि डबा खायला गेलो.

दुसरा फोन आठ दिवसांनी आला. समाजसेविकेने अहवाल तयार केला होता आणि तो आजोबांना वाचून दाखवायचा होता, म्हणजे त्यांना काही म्हणायचं असेल तर म्हणता यावं. ती एकेक वाक्य इथल्या भाषेत वाचत होती आणि बाई ते मराठीत सांगत होत्या. चालण्याबद्दल झालं, औषधांबद्दल झालं. मग ती वाचायला लागली की रुग्णाने स्वतःच सांगितल्याप्रमाणे घरातल्या बाथरूममध्ये हाताशी सापडलेल्या वस्तूंचा कामचलाऊ आधार आहे, तो सुरक्षित धरता येणार नाही. रुग्णाला दिवसभर काही उद्योग नाही, कशात रस नाही, वेळ नुसता जातो. सबब एकट्याने राहणं धोक्याचं, वृद्धाश्रमाची शिफारस.

बाईंना ते मराठीत सांगावंच लागलं. त्यांनी सांगितलं. “तुम्ही म्हणालात की बाथरूममध्ये हाताला लागेल त्याचा कसाबसा आधार केलाय. तुम्ही म्हणालात की दिवसभर तुम्हाला काही उद्योग नसतो.”

आजोबा म्हणाले, “बाई, हे मी कधी म्हणालो?”

मी हेडफोन कानावर दाबून धरला. मला माहीत होतं की ते कोण म्हणालं होतं. ही दोन वाक्यं त्या वहीतून निघाली, अहवालात जाऊन बसली आणि तिथून पुन्हा त्याच बाईंच्या तोंडी आली. फरक इतकाच की जाताना ती हलकी होती आणि येताना शिक्का घेऊन आली. आमच्या धंद्यात आपलं वाक्य सहसा परत येत नाही. ते पलीकडे जातं आणि विरून जातं, म्हणून तर आम्ही सुखाने झोपतो.

बाईंनी श्वास घेतलेला ऐकू आला. मग त्या इथल्या भाषेत म्हणाल्या, “दुभाषी बोलतेय. मला दुरुस्ती करायची आहे. गेल्या वेळी मी दोन शब्दांचा अर्थ चुकीचा सांगितला. चूक माझी आहे, त्यांची नाही.” आणि हेच वाक्य त्यांनी आजोबांना मराठीतही सांगितलं, एक शब्द कमी न करता. अकरा वर्षांत त्यांनी दुरुस्ती मागितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. तो त्यांनी उभ्या उभ्या उतरवून ठेवला.

खरं तर त्यांच्या वाक्यात खोटं काही नव्हतं. तयार कपड्यांसारखं ते वाक्य बऱ्याच जणांना बसलं असतं. खुर्चीच्या मोडक्या पायाला दोरी बांधणाऱ्याच्या तोंडी जुगाड म्हणजे तेच. पण हा माणूस टर्नर होता. त्याच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ काय, हे विचारायचं राहून गेलं होतं. जोडीचा शब्द नसलेला शब्द आला की थांबून विचारायचं असतं, “म्हणजे काय केलंत?” आमच्या प्रशिक्षणात हे पहिल्याच दिवशी शिकवतात. शिकवणारा मीच. आणि त्या दिवशी दहापैकी दहा देणाराही मीच.

बाईंनी समाजसेविकेची परवानगी घेऊन आजोबांना विचारलं की जुगाड म्हणजे नेमकं काय केलंत. मग आजोबांचा बांध फुटला. एक इंची स्टीलचा पाइप घेतला. दोन्ही टोकांना फ्लँज, म्हणजे भोकांची गोल चकती, ती स्वतः लेथवर काढलेली, ओळखीच्या कारखान्यात जाऊन. चकतीला चार-चार बोल्ट, प्लॅस्टरमध्ये नाही तर आतल्या विटांत रुतवलेले. बायकोचे गुडघे गेले तेव्हा बसवला, सात वर्षं झाली. बसवल्यावर स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. “बाजारातली दांडी चारशे रुपयांची, ते पैसे वाचवायला हे केलं नाही,” ते म्हणाले. “बाजारातली पोकळ असते.” रुपये म्हणायची त्यांची सवय अजून गेली नव्हती.

आणि टाइमपास? सकाळी खाली बाकावर जातो, तिथे दोन म्हातारे येतात, एकाची भाषा मला येत नाही, दुसऱ्याची आम्हा दोघांनाही येत नाही. पत्ते खेळतो. दुपारी शेजाऱ्यांच्या बिघडलेल्या वस्तू असतात, मिक्सर, कुलपं, सायकली. संध्याकाळी पेपर. “आता ह्याला काम थोडंच म्हणायचं?” आजोबा म्हणाले. “स्वतःहून मोठेपणा कशाला सांगायचा?”

बाईंनी वही मिटली असावी, मला पानांचा आवाज आला. त्यांनी नवं वाक्य तिथल्या तिथे केलं, एका श्वासातलंच. जुगाडचं झालं, “बाजारात हवं तसं मिळेना, म्हणून मी स्वतः डोकं चालवून बनवलं.” टाइमपासचं झालं, “कामं फार मोठी नाहीत, पण माझा दिवस मजेत जातो.” समाजसेविका लिहीत होती. मग म्हणाली की शब्दांवर मी निर्णय बदलू शकत नाही, पण घर बघायला माणूस पाठवू शकते. तेवढं पुरे होतं. मी आधीच्या फोनचे दहा गुण खोडून सहा केले आणि माझ्या नावापुढे, तिथे रकाना नव्हता तरी, शून्य लिहिलं.

तिसरा फोन त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी. घर बघायला गेलेल्या बाईने दांडीला लटकून पाहिलं होतं म्हणे. शेजाऱ्यांशीही बोलली. शेजारीण म्हणाली, ते परत कधी येणार, माझं शिलाई मशीन पडून आहे. समाजसेविकेने सांगितलं की डॉक्टरांची हरकत नाही, सोमवारी घरी. फक्त शेवटचा कागद डॉक्टरांच्या सहीला न्यायचाय, त्यात आज काही नवीन निघालं नाही एवढं लिहायचं. बाईंनी ते मराठीत सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज अगदी थोडासा हलला. आजोबांनी नाक शिंकरलं. समाजसेविका म्हणाली, प्रिंट काढून आणते, लाइन चालू राहू दे.

खोलीत आजोबा आणि स्पीकर. लाइनवर बाई आणि मी. नियम असा की आता गप्प बसायचं.

आजोबांना नियम कुठे ठाऊक. ते म्हणाले, “बाई, तुम्ही चूक कबूल केलीत म्हणून मी घरी चाललोय. दुसरं कोणी असतं तर हात झटकले असते. आता हे फोन बंद होणार. तुमचं बोलणं ऐकायची सवय झाली होती. तुम्ही कशा आहात? इतके दिवस विचारलंच नाही.”

बाई गप्प राहिल्या. मी मनात म्हटलं, शाब्बास, गप्प राहा. खोटं कशाला बोलू, दुसरं मन म्हणत होतं की बोला एकदाचं.

“मी बरी आहे,” त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, “मला करमत नाही हो.”

नेमकं तेव्हाच दार वाजलं. समाजसेविका आत आली आणि तिच्या कानावर शेवटचे शब्द पडले. कळलं काही नाही, पण म्हाताऱ्याचे डोळे भरलेले दिसले असणार. तिने लगेच विचारलं, काय बोलणं झालं?

माघारी कुजबुज नको, हा नियम. बाई सांगायला बांधलेल्या होत्या. त्यांनी आजोबांचं बोलणं सांगितलं आणि मग स्वतःचं, अकरा वर्षांच्या सवयीने, जसं सगळ्यांचं सांगायच्या तसंच. ह्या शब्दाला इथे जोडी नाही. उदास म्हणावं तर तो आजार झाला, कंटाळा म्हणावं तर फार थोडं झालं. त्यांनी एका श्वासात सांगितलं, “घरात सगळं आहे, पण माझं मन तिथे रमत नाही.”

समाजसेविकेची खुर्ची सरकली. कागदाचा आवाज आला. ती गंभीरपणे म्हणाली की हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, घरी मन रमत नसेल तर आपल्याला सोमवारचा पुन्हा विचार करावा लागेल, मी हे लिहून घेते.

तिने तो ‘मी’ आजोबांचा धरला होता. धरणारच. ‘दुभाषी बोलतेय’ असं आधी न म्हणता अकरा वर्षांत आमच्या लाइनवर दुभाष्याचा ‘मी’ आलाच नव्हता.

माझ्या हाताशी लाइनमध्ये बोलायचं बटण असतं. कधी वापरलेलं नाही. माझं बोट त्याच्यावर गेलं. पण बाईंनी वेळ घेतला नाही.

“दुभाषी बोलतेय,” त्या म्हणाल्या. “हे लिहू नका. ते त्यांचं नाही. त्यांनी मला विचारलं होतं, कशा आहात म्हणून. ते माझं आहे.”

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. समाजसेविका म्हणाली, “ओह.” मग म्हणाली, “सॉरी.” ह्यात तिचा दोष नाही. तिच्या कागदावर दुभाषीसाठी जागा नव्हती. माझ्याही नव्हती. सोमवारची वेळ ठरलीच आहे, अकरा वाजता, असं ती शेवटी म्हणाली.

बाईंनी अकरा वाजता हे मराठीत सांगितलं. आजोबांनी ते ऐकूनच घेतलं नाही. ते म्हणाले, “मघाशी त्यांना काय सांगितलंत? त्या लिहायला लागल्या होत्या, एकदम थांबल्या.”

आता त्यांना हेही सांगणं भाग होतं, सगळं दोन्ही बाजूंना कळलं पाहिजे.

“सांगितलं,” बाई म्हणाल्या, “की ज्याला करमत नाही ते माणूस तुम्ही नाही.”